तळाला तळ नाही

सोनं पडायला लागलं की एक जमात हमखास जागी होते. ‘खाणीतून एक औंस काढायलाच इतका खर्च येतो, त्याच्या खाली भाव जाईलच कसा?’ असं ती ठासून सांगते. कांद्याच्या शेतकऱ्यासमोर हे वाक्य एकदा म्हणून बघावं. पण सोनेवाल्यांना ते पटतं, कारण त्यामागे एक भारदस्त आकडा असतो: ऑल-इन सस्टेनिंग कॉस्ट.

या आकड्याची व्याख्या वर्ल्ड गोल्ड काउन्सिलने जून २०१३ मध्ये जाहीर केली. मुहूर्त बघा. त्याच एप्रिलमध्ये सोनं दोन व्यवहारदिवसांत सुमारे दोनशे डॉलर कोसळलं होतं. तोवर कंपन्या नुसती ‘कॅश कॉस्ट’ सांगत, म्हणजे खणणं, दळणं, गाळणं. नव्या हिशेबात मुख्यालयाचा खर्च आला, खाण चालू ठेवायला लागणारी यंत्रं आली, शेवटी खड्डा बुजवण्याची तरतूदही आली. आयकर, कर्जावरचं व्याज आणि नवी खाण उभारण्याचा खर्च मात्र बाहेरच राहिला. लग्नाच्या हिशेबात हॉल आणि जेवणावळ धरायची, त्यासाठी काढलेल्या कर्जाचं व्याज नाही, तसा हा ‘ऑल-इन’.

बॅरिक ही कॅनडाची कंपनी घ्या. २०१३ मध्ये तिचा हा खर्च औंसाला ९१५ डॉलर होता. उद्योगाचा एकूण खर्च धरून बाराशे डॉलर हाच तळ, असं तेव्हा छातीठोकपणे सांगितलं जात होतं. डिसेंबर २०१५ मध्ये भाव १०५० च्याही खाली टेकला. मग बॅरिक बुडाली का? छे! तिचा खर्चच ८३१ वर आला, आणि २०१६ मध्ये ७३० वर. भाव तळाकडे निघाला, तर तळच आणखी खाली सरकला.

ही जादू कशी होते? समजा, एक टन दगड खणून, दळून, त्यातून सोनं काढायला तीस डॉलर लागतात आणि दगडातलं ९० टक्के सोनं हाती येतं. भाव १६०० असताना टनात ०.६५ ग्रॅम सोनं असलेला दगडही खर्च भरून काढतो. भाव ११०० झाला की किमान ०.९४ ग्रॅम लागतं. म्हणजे ०.७ ग्रॅमचा जो दगड काल खनिज होता, तो आज टाकाऊ. गिरणीत आता फक्त श्रीमंत दगड जातो, प्रत्येक टनातून जास्त सोनं निघतं आणि औंसामागचा खर्च आपोआप उतरतो. सोबत नवा शोध थांबवा, वरची माती हटवण्याचं काम पुढे ढकला, महागड्या खाणी विकून टाका, की आकडा आणखी गोंडस. बॅरिकने ऑस्ट्रेलियातल्या तीन खाणी २०१३ मध्येच गोल्ड फील्ड्सला विकल्या. सरासरी सुधारली, सोनं मात्र निघतच राहिलं, फक्त दुसऱ्याच्या वहीत. त्यात ऑस्ट्रेलियन डॉलर आणि रँड घसरले, तेल स्वस्त झालं. अमेरिकी डॉलरमधला खर्च खाणवाल्याने बोट न हलवताही उतरला.

त्यामुळे ताळेबंदात खर्च घटलेला दिसला, तर आधी दगडाची प्रत बघावी. टनामागे सोनं वाढलंय आणि शोधावरचा खर्च आटलाय, असं दिसलं तर ती कार्यक्षमता नव्हे. उद्याचं चांगलं सोनं आजच ओरबाडून काढलंय.

बरं, भाव या आकड्याखाली गेला तरी खाण लगेच बंद होत नाही. खड्ड्यात ओतलेला पैसा परत येत नसतो, आणि बंद खाणीतलं पाणीही उपसावंच लागतं. रोजचा खर्च निघतोय तोवर गाडा ओढतात. बॅरिकची २०१३ ची कॅश कॉस्ट ५६६ डॉलर होती. खऱ्या टाळेबंदीची रेषा शोधायची, तर ती या दुसऱ्या आकड्याच्या आसपास.

आणि खाणी बंद पडल्या तरी काय? जगात वर्षाला साडेतीन हजार टनांच्या आसपास सोनं खणून निघतं. आधीच खणलेलं दोन लाख टनांहून जास्त सोनं तिजोऱ्यांत, लॉकरांत आणि गळ्यांत पडलेलं आहे. गहू खाऊन संपतो, सोनं कोणी खात नाही (मिठाईवरचा वर्ख सोडला तर). त्यामुळे भाव ठरतो तो व्याजदर, डॉलर आणि या साठ्याच्या मालकांच्या मनःस्थितीवर. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या कोलारच्या खाणींना टाळं लागलं, तेव्हा जगाच्या बाजाराने ढुंकूनही पाहिलं नाही.

भाव चढला की हीच गंमत उलटी. हलका दगड पुन्हा खनिज होतो, सरकारची रॉयल्टी वाढते, मजूर आणि डिझेल महागतं. २०२४ मध्ये त्याच बॅरिकचा खर्च १४८४ डॉलरवर गेला. त्या वर्षअखेरीला सोनं २६०० च्या आसपास होतं. तेव्हा कोणी ‘खर्चाचा भक्कम आधार आहे’ असं सांगत असेल, तर तो आधार हजारावर डॉलर खाली होता, आणि तिथे पोचेपर्यंत जागेवर थांबेल याची हमी कोणत्याच ताळेबंदात नव्हती.