गटाची फडणीस

तृतीय वर्षाच्या वर्गात इतिहासाच्या प्रकल्पासाठी पाच-पाच जणांचे गट पाडून दिले, की दहा मिनिटांच्या आत प्रत्येक गटात एक राज्य स्थापन होते. त्यात एक पेशवा असतो. तो स्वतःहून गादीवर बसतो, व्हॉट्सॲपवर गट काढतो, त्याला तोफेचे चित्र लावतो आणि त्यानंतर त्याचे दर्शन थेट तोंडी परीक्षेला घडते. एक सरदार असतो, तो ‘निघालोय’ असे कळवून कधीच पोहोचत नाही. एक पेंढारी असतो, त्याला वाटेत जे दिसेल ते उचलून आणायची सवय असते. चित्रे चिकटवायला एक हौशी मुलगी असते. आणि एक असते फडणीस.

फडणीस ओळखायला सोपी. बाकीचे ‘चालेल, चालेल’ म्हणत उठायला लागले, की ती बसल्याजागी विचारते, “चालेल म्हणजे नक्की काय?” मग सगळे पुन्हा बसतात. वर्षानुवर्षे हे गट पाहत आलो आहे. मुले बदलतात, मोबाइल बदलतात, फडणीस तीच राहते. एखाद्या वर्षी ती मुलगा असते, एवढाच फरक.

यंदाच्या एका गटाला विषय होता १८९७ चा पुण्यातला प्लेग. पेशव्यांनी पहिल्याच बैठकीत वाटणी जाहीर केली. “पंचवीस पानं, पाच जण. प्रत्येकी पाच. विषय संपला.” एवढा न्याय ऐकून रामशास्त्र्यांनाही गहिवरून आले असते. पार्श्वभूमीची पाच पाने पेशव्यांनी स्वतःकडे ठेवली, कारण ती पाठ्यपुस्तकात तयार होती. ‘वृत्तपत्रांची भूमिका’ ही पाच पाने फडणिशीकडे आली.

“तुझी पाच पानं एका संध्याकाळी होतील,” ती म्हणाली. “माझ्या पाच पानांसाठी त्या वर्षीचा केसरी वाचायचाय. आठवड्याला एक अंक, फेब्रुवारी ते सप्टेंबर. बारीक टाइप, जुनी भाषा, वाचनालय पाच वाजता बंद.”

“पण पानं तर सारखीच आहेत ना?”

तिने वहीत एक आडवी रेघ मारली आणि पानांऐवजी कामे लिहायला घेतली. साधने शोधणे. ती वाचणे. लिहिणे. दुसऱ्याचे लिहिलेले तारखांसाठी तपासणे. नकाशा आणि चित्रे. आणि शेवटी सगळे जोडणे. प्रत्येक कामापुढे अंदाजे तास घातले आणि तासांची वाटणी केली. त्यात पेशव्यांच्या पार्श्वभूमीला तीन तास आले. त्यामुळे वृत्तपत्रांचे निम्मे अंक आणि सगळ्यांच्या तारखा तपासण्याचे काम त्यांच्या खाती जमा झाले. राघोबादादांनी बारभाईंकडे जसे पाहिले असेल तसे पेशवे तिच्याकडे पाहू लागले.

‘जोडणे’ या कामापुढे तिने आठ तास लिहिले होते. सरदाराला हसू आले. कॉपी-पेस्टला आठ तास? त्या आठ तासांच्या बदल्यात तिने स्वतःचे लिखाण दोन पानांवर आणले. एवढा हिशेब करणारी फडणीस क्वचित भेटते. बहुतेकजणी पाच पाने लिहितात, वर जोडणीही करतात आणि वर्षभर सगळ्यांवर रुसून बसतात.

पण वाटणीत एक गोष्ट राहून गेली. शीर्षके वाटली गेली, घटना वाटल्या गेल्या नाहीत. ठरल्या दिवशी चार जणांच्या फायली आल्या, सरदाराची `plague_final_FINAL_navin.docx` दोन दिवस उशिरा आली, आणि फडणिशीने सगळे सलग वाचायला घेतले. प्लेग समितीचे अध्यक्ष रँड या प्रकल्पात तीनदा मेले होते. सरदाराच्या भागात २२ जूनला, चित्रांच्या मथळ्यात पुन्हा २२ जूनला आणि पेंढाऱ्याच्या भागात ३ जुलैला. मात्र प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी ज्या गेल्या, त्या सावित्रीबाई फुले पंचवीस पानांत कुठेही नव्हत्या. पेशव्यांना वाटले त्या समाजसुधारणेच्या प्रकरणात येतात, सरदाराला वाटले त्या पार्श्वभूमीत येतात, आणि समाजसुधारणेचे प्रकरण तर नव्हतेच.

मग तिने हद्दीचा कागद काढला. डाव्या बाजूला घटना, उजव्या बाजूला मालक. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा पेशव्यांचा. मार्च ते मे गोऱ्या सैनिकांनी घेतलेल्या घरझडत्या, रुग्णालये आणि विलगीकरणाच्या छावण्या सरदाराच्या. सावित्रीबाईही त्याच्याच. गणेशखिंडीतला गोळीबार पेंढाऱ्याचा. केसरी आणि टिळकांवरचा खटला फडणिशीचा. ज्याची घटना त्यानेच ती सविस्तर सांगायची, बाकीच्यांनी एका ओळीत उल्लेख करून पुढे सरकायचे. हा कागद लिहायला बसण्याआधीच करायला हवा, हे कुठल्याही फडणिशीला पहिल्या प्रकल्पात सुचत नाही.

रँडच्या मृत्यूचा तंटा तारखा तपासणाऱ्या पेशव्यांकडे गेला आणि त्यांनी तो चक्क सोडवला. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाची मेजवानी आटोपून परतताना, २२ जूनच्या रात्री गोळ्या झाडल्या गेल्या. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला वारले. म्हणजे पेंढाऱ्याचे बरोबर निघाले. हे कळल्यावर सर्वांत मोठा धक्का खुद्द पेंढाऱ्याला बसला.

तथ्ये जुळली, पण वाचताना अजूनही पाच माणसे एकाच माईकसाठी भांडताहेत असे वाटत होते. पेशव्यांचे वाक्य ‘सदर कालखंडामध्ये’ने सुरू व्हायचे. सरदार ‘आणि मग काय, पुणेकर भडकले!’ असे लिहायचा. पेंढाऱ्याचा परिच्छेद दर चौथ्या ओळीला वेगळ्या माणसाचा होता, कारण तो खरोखरच वेगळ्या माणसाचा होता. शिवाय त्याचा अर्धा मजकूर जुन्या फाँटात असल्याने नव्या फाइलीत रोमन अक्षरांची खिचडी होऊन उतरला. तो युनिकोडमध्ये बदलून घेतला, तर रफार आणि वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या. त्या ओळीओळीने जागेवर आणण्यात आठांतले दोन तास गेले.

खरी लढाई झाली ती अहोजाहोवरून. एका भागात ‘रँड आला’, दुसऱ्यात ‘रँड आले’. एकीकडे ‘चापेकरांनी वध केला’, दुसरीकडे ‘खून’, चित्राखाली ‘मर्डर’. फडणिशीने ठराव मांडला: निवेदनात सगळ्यांना आदरार्थी बहुवचन, आणि सगळीकडे ‘हत्या’. त्या काळातल्या कुणाचे म्हणणे द्यायचे असेल तेव्हा त्याचा शब्द अवतरणात.

“रँडला अहोजाहो?” सरदार उसळला. “पुण्यात?”

“दामोदर चापेकरांनाही अहोजाहो. कोण चांगला, कोण वाईट, हे क्रियापदावरून ठरवायचं असेल तर पंचवीस पानं कशाला लिहायची?”

मी तिथे असतो तर टाळी दिली असती. परीक्षकाने टाळी द्यायची नसते म्हणून नव्हतो हे बरे.

सैनिकांच्या वागण्याबद्दल मात्र नुसता सूर जुळवून भागणार नव्हते. सरदाराने अत्याचार डोळ्यांनी पाहिल्यासारखे लिहिले होते. पेशव्यांनी सरकारी बाजू वाचून सैनिक फार सभ्य होते असे लिहिले होते. अशा वेळी कच्ची फडणीस दोन्हींच्या मधले एक गुळमुळीत वाक्य तयार करते, ‘काही प्रमाणात त्रास झाला’ अशा थाटाचे, आणि समेट झाला म्हणून खूश होते. त्या वाक्याच्या बाजूने कुणाचाच पुरावा नसतो. हिने तसे केले नाही. तिने दोघांना सांगितले, कोण म्हणतंय ते वाक्यातच घाला. त्यावरून गोखल्यांचे प्रकरण पानावर आले. इंग्लंडमध्ये असताना गोपाळ कृष्ण गोखल्यांनी सैनिकांवर गंभीर आरोप जाहीरपणे केले, परतल्यावर ते पुराव्याने सिद्ध करता आले नाहीत आणि त्यांना माफी मागावी लागली. पुराव्याअभावी माफी मागितली म्हणजे लोकांचा राग खोटा होता असे होत नाही. हे वाक्य सरदाराने लिहिले, हे मला नंतर कळले आणि मी त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

टिळकांना रँडच्या खुनाबद्दल शिक्षा झाली, हेही पेंढाऱ्याने कुठूनतरी उचलून आणले होते. फडणिशीच्या हद्दीतला हा प्रश्न असल्याने तिने जागच्या जागी निकाल लावला: खटला केसरीतल्या लिखाणाबद्दलचा, राजद्रोहाचा, शिक्षा अठरा महिने. आणि ज्या अंकातल्या मजकुरावरून तो झाला, तो १५ जूनचा, म्हणजे गोळीबाराच्या आठवडाभर आधीचा. पेंढाऱ्याने विचारले, “म्हणजे माझं वाक्य काढायचं?” “नाही, दुरुस्त करून तूच पुन्हा लिहायचं.”

‘तूच पुन्हा लिहायचं’ हे तिला सोपे गेले नाही. दुसऱ्याचे वाक्य दिसले की फडणिशीचा हात शिवशिवतो. पहिल्या रात्री तिने सरदाराची तीन पाने स्वतःच्या भाषेत लिहून काढली होती. छान झाली होती. फक्त छावणीत न्यायला सैनिक आले की माणसे घरातला आजारी माणूस कसा लपवत, याचे सरदाराचे रांगडे, जिवंत वर्णन होते ते ‘नागरिकांनी असहकार्य केले’ एवढ्यावर आले होते. सकाळी ते तिचे तिलाच वाचवेना. मग तिने नियम केला: मूळ लेखकाच्या मधल्या परिच्छेदांना शब्द आणि तारखांपुरताच हात लावायचा, सांधे तेवढे आपण लिहायचे. सांधा म्हणजे प्रत्येक भागाचा शेवटचा परिच्छेद आणि पुढच्याचा पहिला. या आठ परिच्छेदांतून ‘प्लेगपेक्षा प्लेगच्या उपायांचा पुण्याला जास्त राग का आला?’ हा एकच प्रश्न तिने पुढे पुढे नेला. मग सगळ्यांना एका खोलीत बसवून पूर्ण प्रकल्प मोठ्याने वाचायला लावला, प्रत्येकाने दुसऱ्याचा भाग. जिथे वाचणारा अडखळला तिथे पेन्सिलची खूण. ‘सदर कालखंडामध्ये’ तिथेच वारले.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक होते. त्यांनी बाड चाळले, मान डोलावली आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, “एकाच हातचं दिसतंय. बाकीच्या चौघांनी काय केलं?” फडणिशीचा चेहरा पडला. जोडणीच्या कामाचा हाच पुरावा असतो आणि हाच आरोप.

“विचारून बघा सर,” मी म्हणालो.

“रँड कधी वारले?”

“तीन जुलै!” पाचही जण एकदम.

“आणि आयर्स्ट कोण होते? त्यांची नेमणूक काय होती?” परीक्षक पेशव्यांकडे वळले.

पेशव्यांनी कपाळ पुसले, फडणिशीकडे पाहिले, मग पेंढाऱ्याकडे बोट दाखवून शांतपणे म्हणाले, “सर, ते माझ्या हद्दीत येत नाहीत.”