आधी उत्तर, मग रीडिंग

एप्रिलमध्ये जामखेडच्या कॉलेजात बीएस्सीची प्रॅक्टिकल परीक्षा द्यायची असेल, तर सर्वप्रथम पंखा बंद करावा. वाऱ्याने दोरा हलतो आणि दोरा रेझोनन्समध्ये आला की काय, असा भास होतो. एक्स्टर्नलना उकडतं, ते पंखा लावायला सांगतात. तिथे आपला नाइलाज.

प्रयोग मेल्डेचा, म्हणजे १८५९ सालचा. दोऱ्याचं एक टोक व्हायब्रेटरला, दुसरं पुलीवरून पारड्याला. ताण चौपट केला की कंप्रता दुप्पट होते, हे दाखवायचं. विद्यार्थ्याला हे आदल्या रात्रीच माहीत असतं आणि सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

नियम पहिला : दोऱ्याकडे पाहू नये, मागच्या वर्षीच्या जर्नलकडे पाहावं.

नियम दुसरा : पारडं म्हणजे काही वजन नव्हे. ते विसरावं.

या दुसऱ्या नियमावर आमच्याकडच्या कित्येक पिढ्या पोसल्या आहेत, म्हणून जरा सविस्तर सांगतो. समजा, मीटरभर दोऱ्याचं वजन अर्धा ग्रॅम आहे आणि पारडं २० ग्रॅमचं. पारड्यात ५० ग्रॅम टाकले, तर दोन लूप साधारण ३७ हर्ट्झला मिळतील. २०० ग्रॅमला ६५.७ च्या आसपास. म्हणजे टाकलेलं वजन चौपट, पण कंप्रता दुप्पट नाही, पावणेदोनपटीहून किंचित जास्त. इथे हुशार विद्यार्थी घाबरतो, खोडरबर काढतो आणि ३१.३ व ६२.६ लिहून मोकळा होतो. अरे, दोऱ्यावर ताण ७० आणि २२० ग्रॅमचा होता! तू लिहिलेला आकडा त्या दोऱ्याने जन्मात दिला नसता.

नियम तिसरा : जनरेटरचा आवाज पूर्ण चढवावा, म्हणजे लूप मागच्या बाकापर्यंत दिसतात. हे मात्र खरंच करू नका. लूप फार फुगले की दोरा ताणला जातो, ताण वाढतो आणि रेझोनन्स वर सरकतो. आवाज कमी ठेवा, खालून वर या, मग वरून खाली. दोन्ही वेळा लूप सर्वांत रुंद कुठे होतो ते टिपा.

नियम चौथा : पुलीला तेल देऊ नये, ते मामांचं काम. (मामा रजेवर आहेत.)

राहिला आलेख. कंप्रतेचा वर्ग उभ्या अक्षावर, टाकलेलं वजन आडव्यावर. रेषा सरळ येते, पण आरंभबिंदूतून जात नाही, म्हणून पोरं पट्टी ढकलून ती तिथे नेतात. ढकलू नका रे. तीच रेषा डावीकडे वाढवा. आडव्या अक्षाला ती उणे २० च्या आसपास छेदेल. पारडं तराजूवर न ठेवता त्याचं वजन कळलं! व्हायव्यात मी एवढंच विचारतो, "पारडं किती ग्रॅमचं?" आरंभबिंदूतून सुबक रेषा काढलेला गडी तेव्हा पार्टनरकडे बघतो, आणि पार्टनर पंख्याकडे.