फक्त तीनच राहिलेत, साहेब!

कोरेगाव भीमाच्या अलीकडे नगर रोडवर गाड्या तुंबल्या की प्रवाशाला वाचायला एकच साहित्य उरतं, ते म्हणजे प्लॉटिंगचे फ्लेक्स. त्यातल्या एकावर लाल वर्तुळात हा एवढा मोठा 3 आहे. ‘फक्त 3 प्लॉट शिल्लक! त्वरा करा!’ हा 3 पावसात भिजला, उन्हात विटून गुलाबी झाला, मग फ्लेक्सच नवा आला. नव्या फ्लेक्सवर मागचा डोंगर बदलला, हसणारं कुटुंब बदललं, गुढीपाडव्याचा धमाका जाऊन अक्षय्य तृतीयेचा आला. 3 जागचा हलला नाही.

हा आकडा कुणी उगाच टाकलेला नाही. 7 लिहिले तर गिऱ्हाईक म्हणतं, मेहुण्याला विचारून येतो. 1 लिहिला तर त्याला संशय येतो की नाल्याकडेचा, कुणी न घेतलेला तुकडा गळ्यात मारतायत. 3 मध्ये निवडीचं समाधानही आहे आणि हुकण्याची धास्तीही. शिवाय फोन केला की तिन्हींची प्रकृती लगेच खालावते. एक ‘होल्डवर’ असतो, दुसऱ्याचे मालक संध्याकाळी चेक घेऊन येणार असतात, आणि तिसरा खास तुमच्यासाठी ‘मॅनेजरशी भांडून’ अडवून ठेवलेला असतो.

रविवारी मोफत गाडीनं साइटवर नेतात. तिथल्या मंडपात लेआउटचा नकाशा टांगलेला असतो आणि त्यावर लाल टिकल्या. लाल म्हणजे विकला. टिकल्यांचं पाकीट टेबलाच्या खणातच असतं, हे सांगायला नकोच. चहा येतो, पाठोपाठ प्लॉट दाखवणाऱ्या पोराचा फोन वाजतो आणि तो मोठ्यानं विचारतो, “काय? सतरा नंबर पण गेला?” दर गाडीला हा सतरा नंबर नव्यानं जातो. सकाळी वाघोलीच्या शिक्षकांसमोर गेला, दुपारी सणसवाडीच्या कामगारांसमोर गेला, आणि पुढच्या रविवारी ताजातवाना होऊन पुन्हा जायला हजर. एवढ्या वेळा विकला गेलेला प्लॉट सरकारदरबारी नोंदवला असता, तर एका सतरा नंबरच्या मुद्रांक शुल्कातून हा तुंबलेला नगर रोड तरी मोकळा झाला असता.

घाई नेहमी खोटीच असते असं नाही. 1 सप्टेंबर 2020 पासून राज्य सरकारनं घर-जागेच्या खरेदीवरचं मुद्रांक शुल्क 31 डिसेंबरपर्यंत तीन टक्क्यांनी उतरवलं, मग 31 मार्च 2021 पर्यंत दोन टक्क्यांनी. तेव्हा ‘31 डिसेंबरपूर्वी घ्या’ असं कुणी छापलं असेल, तर ती चोख माहिती होती. तारीख विक्रेत्यानं ठरवलेली नव्हती, फायदा रुपयांत मोजता येत होता आणि मुदत संपल्यावर सवलतही संपली. त्याच चालीवर पुढे सुरू झालं, ‘1 एप्रिलला रेडी रेकनर वाढणार, आजच बुक करा!’ 2023 ला सरकारनं रेडी रेकनरचे दर जैसे थे ठेवले, 2024 लाही तेच केलं. आणि वाढले असते तरी काय? या दरांवर शुल्काचा हिशेब होतो. प्लॉटची किंमत विक्रेता ठरवतो आणि ती न वाढवायला त्याला कुणाची परवानगी लागत नाही.

आता 3 कडे परत. समजा, एका जमिनीवर 90 प्लॉट पाडले. पहिल्या टप्प्यात 30 विकायला काढले, त्यातले 27 गेले. फ्लेक्सवर ‘फक्त 3 शिल्लक’ लिहिलं, तर विक्रेता म्हणेल की अक्षरही खोटं नाही. पण कुंपणाच्या आत 60 प्लॉट ‘फेज टू’ची पाटी लावून गुपचूप बसलेत, हे गिऱ्हाइकाला कळलं असतं तर त्यानं घासाघीस केली असती, महिनाभर थांबला असता. त्याला तेच करू द्यायचं नव्हतं. केंद्राच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या ग्राहक-संरक्षण नियमावलीत अशा 13 क्लृप्त्यांची यादी आहे आणि पहिला मान खोट्या घाईला मिळालाय. माल आहे त्यापेक्षा कमी दाखवणं त्यात नावानिशी आलंय. उदाहरण हॉटेलचं दिलंय, दोनच खोल्या शिल्लक आणि तीस जण बघतायत. म्हणजे दिल्लीला 2 पर्यंत माहिती आहे. आपला 3 अजून तिथवर पोचायचाय.

हा 3 तपासता येतो, हीच तर गंमत. रेरा कायद्यानुसार जमीन 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठाहून जास्त असतील, तर नोंदणीशिवाय जाहिरातच करता येत नाही. नोंदणीच्या पानावर एकूण प्लॉट किती आणि बुक किती झाले हे विक्रेत्यानं दर तीन महिन्यांनी भरायचं असतं. त्या पानावर नेणारा क्यूआर कोड राज्यात 1 ऑगस्ट 2023 पासून जाहिरातीवर सक्तीचा आहे. तोही या फ्लेक्सवर आहे बरं का! वीस फूट उंचीवर, उजव्या कोपऱ्यात, टिकलीएवढा. तो स्कॅन करायला अग्निशमन दलाची शिडी मागवावी लागेल.

आणि हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, जर फ्लेक्सखाली ‘आज संध्याकाळी 6 पर्यंतच’ असं नसतं. जमीन हजारो वर्षं तिथंच आहे, तिला सहा वाजता कुठली गाडी पकडायची आहे? सहाची मुदत जमिनीला नाही, चौकशीला आहे. सातबारा बघायचा, फेरफार काढायचे, वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यायचा, लेआउट मंजूर आहे का आणि रस्ता कागदावर कुणाच्या नावावर आहे हे पाहायचं, याला आठवडा लागतो. तोच आठवडा खाऊन टाकायला सहा वाजतात! दागिने गहाण टाकून, पीएफ काढून आलेल्या माणसाकडून 51 हजारांचं टोकन घ्यायचं, पावतीवर मागच्या बाजूला ‘रक्कम परत मिळणार नाही’ छापायचं आणि पुढच्या बाजूला गणपती. याला विक्रीकौशल्य म्हणणाऱ्यांना त्याच मंडपात, त्याच उन्हात, चहा न देता बसवलं पाहिजे.

गिऱ्हाइकाला खरी किंमत कळते चार वर्षांनी, पोरीच्या लग्नासाठी तोच प्लॉट विकायला काढल्यावर. आता त्याच्याकडे खरोखर एकच प्लॉट आहे. पण रस्त्यावर तोच 3 उभा, सोबत सोन्याचं नाणं मोफत. येणारा म्हणतो, “काका, घाई कशाला? इथं कायमच शिल्लक असतात.” स्वतः विक्रेत्याचे शेवटचे तीन उरले, तेव्हा त्यालाही हेच ऐकावं लागलं.

खोट्या जाहिरातीला भुलून नुकसान झालं तर भरपाई मागता येते, आणि व्यवहारातून बाहेर पडायचं तर पैसे व्याजासह परत, असं रेराचं कलम 12 सांगतं. त्यासाठी जाहिरातीचा तारखेसकट पुरावा हवा, म्हणून काकांनी मोबाइल धुंडाळला. बुकिंगच्या दिवसाचे चाळीस फोटो निघाले. एकात फ्लेक्सही आहे, तारीख आहे, विक्रेत्याचं नाव अगदी स्पष्ट आहे. फक्त 3 च्या बरोब्बर पुढे मेहुणा हार घालून उभा आहे.