गॅसचं बुकिंग आणि ओटीपीबाई

आमच्या आणि काकूंच्या अंगणांच्या मध्ये मेंदीचं कुंपण आहे. ते खांद्याच्या वर गेलं की काकू कात्री घेऊन येतात, कारण त्यापुढे बोलताना टाचा उंचवाव्या लागतात. काकू कौटुंबिक न्यायालयातून विवाह समुपदेशक म्हणून निवृत्त झाल्या. शेजारपाजारची भांडणं त्यांच्याकडे फुकट चालतात, फक्त चहा आपल्या घरचा.

त्या दिवशी पलीकडच्या वहिनी कुरडया वाळत घालता घालता आल्या आणि म्हणाल्या, "काकू, एक विचारू? हे माझी चेष्टा करतात, आणि मला हल्ली हसू येत नाही. माझंच काही बिघडलंय का?"

"काय म्हणतात?"

मागच्या दिवाळीच्या सुमाराला वहिनींना फोन आला होता. वीजबिल थकलंय, आज रात्री लाईट तोडणार. घाबरून त्यांनी आलेला ओटीपी सांगितला आणि खात्यातून अठरा हजार गेले. तेव्हा भाऊजींनी फार छान सांभाळून घेतलं, ओरडले नाहीत. आठवडाभराने 'ओटीपीबाई' असं नाव ठेवलं, तेव्हा वहिनीसुद्धा हसल्या.

"मग परवा मी म्हटलं, गॅसचं बुकिंग मी करते. तर म्हणाले, 'नको. सिलिंडर आला की ओटीपी सांगावा लागतो. तू सांगशील, पण भलत्यालाच.'"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, वाक्य चांगलं होतं. वहिनींनी माझ्याकडे असं बघितलं की मी कुंपणातलं गवत उपटायला लागले.

"हसू दे तिला," काकू म्हणाल्या. "वाक्य खरंच चांगलं आहे. पण वाक्यावरून काही कळत नाही गं. हेच वाक्य एका घरात लाडाचं असतं आणि दुसऱ्या घरात चाबकाचं. मला सांग, हे बोलताना ते बघत कुठे होते?"

"मोबाईलमध्ये."

"आवाज?"

"रोजचाच. पेपर आला का विचारावं तसा."

काकूंनी मान हलवली. म्हणाल्या, "डॅकर केल्टनर म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत, अमेरिकेतले. त्यांनी लोक एकमेकांना चिडवतात कसे ते बसून बघितलं. चिडवण्यात टोचणारं काहीतरी असतंच, नाहीतर ते चिडवणं कसलं? पण ज्याला खेळायचं असतं तो त्या टोचण्याबरोबर दहा खुणा करतो. आवाज लांबवतो, हेल काढतो, भुवया उडवतो, अशक्य कोटीची अतिशयोक्ती करतो. म्हणजे समोरच्याला आधीच कळतं की हे खरं धरायचं नाही. आमचे हे मला 'सह्याद्री' म्हणतात. संध्याकाळी सात वाजले, मी फाटकातून आत आले, की हे टाळी वाजवून बसतात, 'नमस्कार, आजच्या ठळक बातम्या!' आणि मग खरंच ऐकतात. ते ऐकणं महत्त्वाचं. कधी माझ्या पोटात काही नसेल तर विचारतात, आज प्रक्षेपणात व्यत्यय का?"

काका ओट्यावर सुडोकू सोडवत होते. त्यांनी मान वर न करता "दिलगीर आहोत" म्हटलं.

"मग हे पण मान वर करत नाहीत!" मी म्हटलं. मला पेचात पकडायची खोड आहे.

"अगं, म्हणूनच एका खुणेवर निकाल द्यायचा नसतो. सिएटलच्या विद्यापीठात जॉन गॉटमन यांनी नवराबायकोंना पंधरा मिनिटं त्यांच्याच भांडणाच्या विषयावर बोलायला बसवलं, चित्रीकरण केलं आणि चेहरे क्षणाक्षणाने तपासले. डोळे फिरवणं, ओठाचा एकच कोपरा वर जाणं, नक्कल करणं, झोंबेल असा विनोद, हे सगळं त्यांनी तुच्छतेत मोजलं. आणि पुढे कोणाचं मोडेल याची सगळ्यात पक्की खूण त्यांना तुच्छतेत सापडली. राग परवडला. रागात माणूस म्हणतो, तू हे चुकलीस. तुच्छतेत म्हणतो, तू आहेसच अशी, आणि मी वर उभा आहे. पण एखाद्या रात्री कुणाचा ओठ वाकडा झाला म्हणून दुसऱ्या दिवशी वकील गाठू नये. दाढही दुखत असेल."

वहिनी म्हणाल्या, "चारचौघांत मात्र एक शब्द बोलत नाहीत हो. माझ्या माहेरच्यांसमोर तर माझं कौतुकच. हे सगळं रात्री, दार लावल्यावर."

इथे काकूंनी कात्री खाली ठेवली. त्यांना मी भरल्या भांडणातही कात्री खाली ठेवताना क्वचित पाहिलंय.

"हे बघ. चारचौघांत नवरा बायकोची चेष्टा करतो ती कधीकधी दोस्तांना हसवायला. वाईटच, पण त्यातला अर्धा भाग दोस्तांसाठी असतो. बंद दाराआड प्रेक्षक कोण? तू आणि ते. खेळ असेल तर तो तुझ्यासाठी असायला हवा. तुला हसू येत नाही हे समोर दिसत असताना विनोद चालूच राहिला, तर तो कुणासाठी चाललाय?"

वहिनी गप्प. मीही गप्प, जे आमच्या कुंपणावर दुर्मीळ आहे.

"आता खरा प्रश्न. त्या विनोदानंतर गॅसचं बुकिंग कोणी केलं?"

"त्यांनीच."

"आणि वीजबिल?"

"तेव्हापासून तेच भरतात. आईच्या मेडिक्लेमचा फॉर्म मी भरणार होते, तोही म्हणाले राहू दे. मी पण मग..." वहिनींनी कुरडईचा तुकडा मोडला. "काकू, मी हल्ली आधी मनात बोलून बघते. यावर ते काय म्हणतील. मग निम्म्या गोष्टी सांगतच नाही."

"हे तू पहिल्यांदा सांगायला हवं होतंस," काकू म्हणाल्या. "चिडवून झालं की खेळ संपतो, दोघं होती तिथेच असतात. तुझ्याकडे मात्र दर विनोदाला एक काम तुझ्या हातातून गेलंय. सह्याद्री म्हटल्याने माझ्या बातम्या बंद झाल्या नाहीत, उलट वाढल्या. ओटीपीबाई म्हटल्याने तू गप्प झालीस. आणि विषय बघ. ज्या गोष्टीची तुला आधीच लाज वाटते, जी तू त्यांच्याजवळ रडून सांगितलीस, तीच उचलली. विश्वासाने दिलेली वस्तू आहे ती."

"पण मी एकदा म्हटलं होतं, पुरे आता. तर म्हणाले, तुला विनोद कळत नाही."

मी म्हटलं, "झालं! निकाल लागला."

"नाही लागला," काकू म्हणाल्या. "जस्टिन क्रुगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एक अभ्यास छापला. चिडवणाऱ्याला आपला हेतू साफ आहे हे आतून ठाऊक असतं, म्हणून त्याला वाटतं समोरच्यालाही ते दिसतंय. समोरच्याला हेतू दिसत नाही, फक्त शब्द लागतो. त्यामुळे तिचे मिस्टर खरंच समजत असतील की आपण त्या अठरा हजारांचं दुःख हलकं करतोय. 'पुरे आता' एवढ्याने ते कळत नाही. कढईतलं तेल उडालं तरी आपण पुरे आता म्हणतो."

मग काकूंनी वहिनींना बोलायचं कसं ते सांगितलं, आणि ते मला समुपदेशन केंद्रातल्या फलकांपेक्षा उपयोगाचं वाटलं. विनोदाच्या क्षणी नाही, कारण तेव्हा उत्तरही विनोदातच येतं. दोघं निवांत असताना. 'तुम्ही नेहमीच' या शब्दांनी सुरुवात करायची नाही, नाहीतर उरलेली संध्याकाळ 'नेहमी' म्हणजे किती वेळा यात जाते. एकच गोष्ट नेमकी मागायची: "त्या फसवणुकीवरून चेष्टा नको. मला अजून त्याची लाज वाटते. माझ्या घोरण्यावरून, भाकरीच्या नकाशावरून काय हवं ते बोला." आणि शेवटी, "गॅसचं बुकिंग मी करणार आहे."

"आणि मग बघत राहायचं. आधी ते म्हणतील, मी गंमत केली. म्हणू दे, त्यात काही नाही. थोडे फुगतील, तेही चालेल. सवयीने एखाद्या वेळी शब्द निसटेल आणि जीभ चावतील, तर तू हसून सोडून दे. पण ओटीपीबाई सोडून महिन्याने 'सायबरबाई' आली, किंवा 'बाईसाहेबांसमोर आता बोलायचीही चोरी' असं सुरू झालं, तर समज की त्यांना माहीत आहे कुठे दुखतंय, आणि म्हणूनच तिथे बोट आहे. सांगण्याआधी नकळत म्हणता येतं. सांगितल्यावर नाही."

वहिनींना जरा धीर आला. टोपली उचलून निघाल्याच होत्या, तर काकू म्हणाल्या, "आणि तू काय म्हणतेस त्यांना?"

"मी? काही नाही."

"काहीच नाही?"

"म्हणजे... माझ्या भावाचं प्रमोशन झालं ना, तर कधीतरी म्हणते, आमचा दादा सुटाबुटात आणि आमचे साहेब अजून त्याच खुर्चीत. पण ते गमतीत हो!"

काकांचा सुडोकू थांबला. काकूंना हसू आवरेना. "अगं, मग त्या खुर्चीबद्दलही विचार त्यांना. एकाच बैठकीत दोन्ही खटले."

निघता निघता काकूंनी एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेली नाही. म्हणाल्या, धमकी नाही, पैसा अडवणं नाही, भीती नाही, म्हणून हे कुंपणावर सुटण्यासारखं आहे. जिथे बायको घाबरून असते तिथे गोड शब्दांत मागणं मागायला मी कधी सांगत नाही. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात अपमान, हिणवणं, नावं ठेवणं हेही छळात धरलंय, आणि मूल नाही किंवा मुलगा नाही म्हणून टोचून बोलण्याचा उल्लेख तर वेगळा आहे. अशा घरातल्या बाईने 181 वर फोन करावा, शेजारणीची वाट बघू नये.

त्यानंतरचं मला वहिनींकडूनच कळलं. बोलणं झालं. भाऊजी आधी म्हणाले, एवढं काय त्यात. मग बराच वेळ पंख्याकडे बघत बसले आणि म्हणाले, त्या खुर्चीचं मला फार लागतं. वहिनींना ते ठाऊकच नव्हतं. गॅस वहिनींनी बुक केला. सिलिंडर आला तेव्हा भाऊजी दारातच होते, तोंड उघडलं आणि मिटलं. मेडिक्लेमचा फॉर्म मात्र अजून त्यांच्याच टेबलावर आहे.

मी हे सगळं उत्साहाने काकूंना सांगितलं आणि विचारलं, मग आता चेष्टा की तुच्छता?

काकू म्हणाल्या, "फॉर्म टेबलावर आहे ना? मग निकाल राखून ठेवलाय. पुढची तारीख दिवाळीनंतर."