आपलेच गोदाम, आपलीच कंपनी: होतकरू संचालकांसाठी पाच पायऱ्या

संचालक झाल्याबद्दल अभिनंदन. आता कंपनीचा थोडा पैसा घराकडे वळवायचा आहे, तोही नियमात बसवून. भिवंडीत तुमच्या घरचे २०,००० चौरस फुटांचे गोदाम आहे आणि तुमच्या लिस्टेड कंपनीला गोदाम हवे आहे, असे समजू. बाजारात भाडे महिन्याला चौरस फुटामागे २२ रुपये चालू आहे. तुम्ही ४० मागणार. म्हणजे महिन्याला ३ लाख ६० हजार आणि वर्षाला ४३ लाख २० हजार जास्तीचे. चला, कामाला लागू.

पायरी पहिली: नातेवाईक निवडा

गोदाम स्वतःच्या नावावर ठेवू नका, ते नवखेपणाचे लक्षण आहे. बायकोच्या भागीदारी फर्मच्या नावावर ठेवले तरी भागत नाही. संचालकाचा नातेवाईक ज्या फर्ममध्ये भागीदार आहे, ती फर्म २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ‘संबंधित पक्ष’ ठरते. तेव्हा नातेवाईकांची यादी नीट वाचा. त्यात नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ-बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य आहेत. सासरे, मेव्हणा, भाचा आणि व्याही नाहीत. साडू तर नाहीतच.

म्हणून गोदाम साडूंच्या नावावर करा आणि जास्तीचे भाडे पुढे मेव्हणीमार्फत घरी येऊ द्या. एवढ्यावर तुम्ही निश्चिंत व्हाल, पण त्याच कायद्याचे कलम १६६ नाती मोजत बसत नाही. ज्या परिस्थितीत संचालकाचे हित कंपनीच्या हिताशी भिडते किंवा भिडू शकते, तिच्यात त्याने पडू नये, असे ते म्हणते. मग ते हित थेट असो वा आडवळणाचे. सेबीच्या नियमांनीही १ एप्रिल २०२३ पासून हीच वाट अडवली आहे. व्यवहार परक्याशी झालेला दिसला, पण त्याचा हेतू आणि परिणाम संबंधित पक्षाचा फायदा करून देणे हाच असला, तर तो संबंधित पक्षाचाच व्यवहार धरला जातो. साडूंना चहा पाजून पुढच्या पायरीवर या.

पायरी दुसरी: आकडा मर्यादेत ठेवा

कंपनीची उलाढाल ३०० कोटी धरू. कंपनी कायद्याच्या नियमांत भाडेकराराला भागधारकांची मंजुरी लागते ती रक्कम उलाढालीच्या १० टक्के किंवा त्याहून जास्त झाली तर, म्हणजे इथे ३० कोटींपासून. तुमचे वर्षाचे भाडे आहे ९६ लाख. भागधारकांना कळवायचीही गरज नाही, असे वाटून तुम्ही हात झटकाल.

पण ती मर्यादा फक्त भागधारकांच्या ठरावाची आहे. लेखापरीक्षण समितीची मंजुरी रक्कम लहान असली तरी लागते, आणि लिस्टेड कंपनीत ती आधी घ्यावी लागते, तीही फक्त स्वतंत्र संचालकांच्या मतांवर. व्यवहार कंपनीच्या रोजच्या कामकाजातला नसेल किंवा परक्याशी करावा तशा अटींवर नसेल, तर कलम १८८ प्रमाणे संचालक मंडळाच्या बैठकीत ठरावही लागतो. तुमचा ४० चा भाव या दुसऱ्या कसोटीला उतरत नाही.

पायरी तिसरी: भाव उतरवा, अटी चढवा

हुशार संचालक इथे भाव खाली आणतो. भाडे २३ रुपये, बाजाराच्या अगदी जवळ. मात्र करार नऊ वर्षांचा आणि मधे सोडता येणार नाही असा. अनामत दोन वर्षांच्या भाड्याएवढी. छप्पर गळले तर दुरुस्ती कंपनीने करायची. कोणी विचारले की दलालाचे पत्र दाखवायचे: पाहा, बाजारभाव!

ही पायरी सर्वांत जास्त वापरली जाते आणि पकडलीही इथेच जाते. परक्या माणसाशी करावा तसा व्यवहार म्हणजे केवळ भाव नव्हे. मुदत, अनामत, दुरुस्ती, बाहेर पडण्याची सोय, सगळेच त्यात येते. जाणता लेखापरीक्षक भाव सोडून दुसरेच विचारतो. एकच दरपत्रक का मागवले? कंपनीचे जुने गोदाम अर्धे रिकामे असताना हे कशाला हवे होते? समितीची बैठक जूनमध्ये, मग करारावर सही मे महिन्यातली कशी?

पायरी चौथी: बैठकीत गप्प बसा

दरवर्षी पहिल्या बैठकीत एमबीपी-१ फॉर्मवर आपले हितसंबंध लिहून द्यायचे असतात. गोदामाची ओळ विसरा. विषय निघाला की खिडकीबाहेर पाहा. आपले हित उघड करून चर्चेतून बाजूला होणे हे कायद्याचे सांगणे असले तरी, तुम्ही खोलीत बसून राहिलात की सहकारी आपोआप मऊ होतात.

बाजूला होऊनही काम साधते, याचा सर्वांत मोठा धडा सत्यमने दिला आहे. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या संचालक मंडळाने अध्यक्षांच्या कुटुंबाशी जोडलेल्या दोन मेटास कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला घेण्याचे एकमताने मंजूर केले. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. सॉफ्टवेअर कंपनीने बांधकामात आणि जमिनीत एवढा पैसा का घालावा, हा प्रश्न बाहेरच्या गुंतवणूकदारांनी लावून धरला आणि काही तासांतच व्यवहार मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ च्या पत्रात अध्यक्षांनी कबूल केले की ताळेबंदातली रोकड बहुतांश खोटी होती, आणि मेटासचा व्यवहार म्हणजे त्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता बसवण्याची शेवटची धडपड होती. मंजुरीचा कागद तयार होता. विकणाऱ्याला एवढी घाई का, हे मंडळाने विचारायचे राहून गेले. स्वतंत्र संचालकाला बसवतात ते या प्रश्नासाठीच.

पायरी पाचवी: पकडले गेल्यावर

मंजुरी न घेता केलेला करार तीन महिन्यांत मंडळाने, आणि जिथे लागतो तिथे भागधारकांनी, मान्य केला नाही, तर तो रद्द ठरवता येतो आणि झालेले नुकसान कंपनी तुमच्याकडून वसूल करू शकते. लिस्टेड कंपनीच्या संचालकाला कलम १८८ खाली २५ लाखांचा दंड आहे. कलम १६६ चा दंड एक ते पाच लाखांचा आहे, आणि जेवढा अवाजवी लाभ घेतला तेवढी रक्कम कंपनीला परत करायची ती वेगळी. पहिल्या वर्षीच पकडले गेलात तरी ४३ लाख २० हजार परत द्यायचे आणि वर दंड भरायचा.

गोदाम खरोखर चांगले असेल, तर एक नीरस पद्धतही आहे. एमबीपी-१ मध्ये ते लिहा. तीन अनोळखी मालकांचे दर अटींसकट समितीपुढे ठेवा, विषय निघाला की खोलीबाहेर जा आणि निर्णय काहीही झाला तरी वाद घालू नका. कंपनीने हो म्हटले, तर तुम्हाला २२ रुपये मिळतील. ते गोदामाचे भाडे. वरचे १८ रुपये तुम्ही खुर्चीचे भाडे म्हणून मागत होता, आणि खुर्ची भागधारकांची आहे.