खड्ड्याचा प्रमाणित नमुना

आमचे एक भाऊसाहेब नगरपरिषदेच्या बांधकाम विभागातून जन माहिती अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कारकिर्दीत त्यांनी अर्जांचे गठ्ठेच्या गठ्ठे निकाली काढले आणि माहिती म्हणावी अशी एकही गोष्ट बाहेर जाऊ दिली नाही. हा ठेवा आपल्याबरोबर संपू नये म्हणून खुर्चीवर आलेल्या नव्या पोराला ते संध्याकाळी टपरीवर बसवून शिकवतात. बाजूच्या बाकावर बसून कटिंग पिता पिता आमचंही फुकटात शिक्षण होतं.

“‘का’ विचारणारा अर्ज आला की नारळ फोडायचा,” भाऊसाहेब सांगतात. “आमच्या गल्लीतला रस्ता पहिल्याच पावसात का उखडला? झालं! रेकॉर्डवर असेल तीच माहिती. ‘का’ कुठल्या फायलीत असतं? तेव्हा ‘आपला प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं छापील उत्तर, आणि तेही विसाव्या दिवशी. लवकर दिलं की लोकांना वाटतं, आपल्याला काम नाही.”

अर्ज जरा शहाणा निघाला तर तो हस्तांतरित करायचा. विषय दुसऱ्या कार्यालयाचा असेल तर 5 दिवसांत तिकडे पाठवा, असं कायदा सांगतो. भाऊसाहेब पाठवायचे एकोणतिसाव्या दिवशी, पाणीपुरवठ्याकडे. पाणीपुरवठा परत बांधकामाकडे. दोन्ही टेबलं एकाच जिन्यावर, पण अर्ज पंढरीची वारी करून आल्यासारखा दमून यायचा.

मग पानांचं शुल्क. पानाला 2 रुपये. चार कागद मागणाऱ्याला चार हजार पानांची झेरॉक्स लावायची आणि 8 हजार भरा म्हणून कळवायचं. मात्र 30 दिवस उलटले की माहिती फुकट द्यावी लागते, म्हणून पत्रावर तारीख सतराव्या दिवसाची आणि पाकीट पोस्टात पस्तिसाव्या दिवशी. “लोक पत्र जपून ठेवतात रे, पाकीट फेकून देतात. पोस्टाचा शिक्का पाकिटावर असतो,” इति भाऊसाहेब.

पोराला एकच धास्ती होती, दंडाची. तेव्हा भाऊसाहेबांनी बिलाच्या मागच्या बाजूला गणित मांडून दाखवलं. उशिराच्या प्रत्येक दिवसाला 250 रुपये, पण जास्तीत जास्त 25,000. म्हणजे शंभर दिवसांत मीटर बंद. एकशे एकाव्या दिवसापासून गप्प बसणं सरकारमान्य आणि मोफत! शिवाय दंड करणार माहिती आयोग, म्हणजे दुसरं अपील. त्याआधी पहिलं अपील आपल्याच साहेबांपुढे, ज्यांच्या सहीने त्या रस्त्याचं बिल निघालं. ते 30 दिवसांत, फार तर 45 दिवसांत निकाल देतात : “माहिती उपलब्ध असल्यास देण्यात यावी.” त्या ‘असल्यास’मध्ये अख्खी फाईल मावते. आयोगाने किती दिवसांत निकाल द्यावा हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. कायदा 2005 चा आहे, घाई कसली?

“आणि ते ब्लॅकमेलर?” पोराने विचारलं.

“त्यांना कशाला भ्यायचं? त्यांचा दर ठरलेला असतो. ठेकेदाराला फोन करायचा, दोघे हॉटेलात बसतात, तिसऱ्या दिवशी ‘माझे समाधान झाले आहे’ असं लिहून मिळतं. खरा त्रास असतो दर नसलेल्याचा. म्हणून ब्लॅकमेलर त्यालाच म्हणायचं.”

एवढं सांगून भाऊसाहेबांचा चेहरा जरा उतरला. त्यांना गुरुजी आठवले.

हे गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, गणिताचे. त्यांनी ‘का’ विचारलं नाही, ‘भ्रष्टाचार’ हा शब्द वापरला नाही, मुख्यमंत्र्यांना प्रत पाठवली नाही. जोडपत्र ‘अ’, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, आणि 150 शब्दांची मर्यादा असताना तीसेक शब्दांत मागणी : अमुक गल्लीच्या काँक्रीटीकरणाचं अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश आणि मोजमाप पुस्तिकेची संबंधित पानं. शेवटी ‘अवलोकनही करायचे आहे’.

मोजमाप पुस्तिका, म्हणजे ऑफिसातली एमबी, ही मोठी बोलकी वस्तू. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन लांबी, रुंदी, जाडी मोजतो (निदान तसं लिहितो), उपअभियंता तपासतो, आणि त्या आकड्यांवरच बिल निघतं. अंदाजपत्रकात काय ठरलं ते कळतं, एमबीत कशाचे पैसे दिले ते कळतं. राहिला रस्ता, तो गुरुजींच्या दारातच होता.

गुरुजी सोमवारी दुपारी 3 वाजता हजर झाले. स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणि जिल्हा कार्यालयांनी दर सोमवारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख बघू द्यावेत, असा शासन निर्णय 2018 चा आहे. तो त्यांनी भाऊसाहेबांच्याच काचेखालून काढून भाऊसाहेबांना दाखवला. एमबीत होतं : लांबी 200 मीटर, रुंदी 4 मीटर, जाडी 15 सेंटिमीटर. गुरुजींनी तिथेच गुणाकार केला, 120 घनमीटर. गल्लीत जिथे कडा तुटली होती तिथे त्यांनी पट्टी लावली होती, ती भरली 10. म्हणजे 80 घनमीटर. उरलेलं 40 घनमीटर, मिक्सरच्या साधारण सात गाड्या, नगरपरिषदेत शिरून कुठे गेल्या ते एमबीत नव्हतं.

“कडेला जाडी कमीच असते,” भाऊसाहेब म्हणाले.

“असेल. मग मधला नमुना द्या.”

इथे भाऊसाहेबांची विद्या खुंटली. लोकांना वाटतं माहिती म्हणजे कागद. कायद्याच्या कलम 2 मध्ये कामाची पाहणी आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. म्हणजे रस्त्यातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून, सील करून, अर्जदाराला सहीशिक्क्यानिशी द्यायचा. झेरॉक्समध्ये खाडाखोड करता येते. काँक्रीटवर व्हाइटनर लागत नाही.

त्या वेळी भाऊसाहेबांनी ‘वैयक्तिक माहिती’चं कलम काढून पाहिलं. एमबीवर अभियंत्याचं नाव आहे, सही आहे, म्हणून देता येत नाही. (2023 च्या डेटा संरक्षण कायद्याने या कलमातला सार्वजनिक कामाशी संबंधाचा निकष काढून टाकला, तेव्हापासून सगळ्या कार्यालयांना हे औषध गुणकारी वाटू लागलं आहे. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद त्याच कलमात खाली आहे, पण तिथवर वाचायला वेळ कुणाला?) गुरुजींनी कलम 10 दाखवलं. जो भाग देता येत नाही तो झाकून बाकीचा द्यावा लागतो. म्हणाले, “नाव खोडा, जाडी द्या.”

नमुन्याची तारीख ठरली. आदल्या रात्री गल्लीत दिवे लावून काम चाललं, आणि सकाळी रस्त्यावर पाच सेंटिमीटरचा नवा कोरा थर! कापलेला तुकडा बरोब्बर 15 भरला. मधे भाकरीच्या पापुद्र्यासारखी रेघ होती, पण भाऊसाहेबांनी अहवालात ‘जाडी समाधानकारक’ लिहिलं.

“मग जिंकलात की!” पोरगं म्हणालं.

“कसला जिंकतो! वरच्या थराचं बिल ठेकेदाराने ‘मजबुतीकरण’ म्हणून वेगळं लावलं. साहेबांनी मंजूर केलं, एमबीत नोंद झाली. दोष दायित्व कालावधी चालू असताना दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, हे बिलावर सही करताना कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझी निवृत्ती आली, मी सुटलो.” भाऊसाहेबांनी पिशवीतून एक कागद काढून पोराच्या हातात दिला. “हा काल आवकला आलाय. तूच बघ आता.”

जोडपत्र ‘अ’, 10 रुपयांचा स्टॅम्प. मागणी : त्याच गल्लीच्या ‘मजबुतीकरणा’चा कार्यारंभ आदेश, एमबीची पानं, आणि त्या रात्री किती मिक्सर आले त्याची चलनं.