आमच्या गादीला कोलॅबोरेशनची ऑफर

माझं सांगलीत गाद्यांचं दुकान आहे. कापसाच्या गाद्या, उशा, लोड, तक्क्ये. जुनी गादी आणून दिलीत तर कापूस पिंजून, नवा अभ्रा घालून परत मिळते. या धंद्यात माणसाला शांतता लागते आणि ती आम्हाला बरीच वर्षं होती. मग मुलाने दुकानाचं नाव इंटरनेटच्या नकाशावर टाकलं, खाली ईमेलचा पत्ता दिला, आणि आमची शांतता सार्वजनिक मालमत्ता झाली.

आता रोज सकाळी शटर वर करायच्या आधी मला कुणी ना कुणी ‘डिअर ब्रँड ओनर’ म्हणतं. दुकानाच्या पाटीवर दोन फुटी अक्षरांत नाव आहे, ते नाही म्हणत. एकाने लिहिलं, ‘तुमच्या कॅफेचा व्हाइब आम्हाला खूप आवडला.’ आमच्याकडे बसायला जागा आहे हे खरं, पण ती विक्रीची आहे. दुसऱ्याला आमची प्रॉडक्ट्स ‘ऑथेंटिक आणि चविष्ट’ वाटली. मी तक्रार केली नाही. गादीची चव कशी कळली, एवढंच विचारायचं होतं. ते मुलाने विचारू दिलं नाही.

पण हे किरकोळ. मूळ प्रकरण पुढे आहे, आणि तुम्हीही दुकानदार असाल तर चहा मागवून घ्या, कारण यात आकडे आहेत.

एका तरुणाचं पत्र आलं. फॉलोअर 1,12,000. पंचेचाळीस सेकंदांचं एक रील आणि तीन स्टोऱ्या, मोबदला 20,000 रुपये. सोबत ‘मीडिया किट’ नावाची पीडीएफ. त्यात त्याचे काळ्या चष्म्यातले चार फोटो आणि एक ठळक ओळ: ‘सरासरी व्ह्यूज 1 लाख.’ एक लाख माणसं आमची गादी बघणार म्हटल्यावर मी त्या रात्री नीट झोपलो नाही. आमच्याच गादीवर, हे विशेष.

सकाळी मुलाला म्हटलं, त्याची शेवटची दहा रीलं काढ. मोबाइलवर प्रत्येक रीलच्या कोपऱ्यात आकडा असतो, तो कुणालाही दिसतो, त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करावा लागत नाही. नऊ रीलं सात हजारांच्या आसपास होती. दहाव्यावर 9,40,000. त्या दहाव्यात एक कुत्रा केळीच्या गाडीवर चढतो. नऊ साते त्रेसष्ट हजार, त्यात कुत्र्याचे नऊ लाख चाळीस हजार मिळवले की दहा लाख तीन हजार. भागिले दहा, झाले एक लाख. हिशेबात खोट काढायला जागा नाही. फक्त ती सरासरी कुत्र्याची होती आणि बिल माणसाचं येणार होतं. अशा वेळी दहा आकडे चढत्या क्रमाने लावून मधला बघायचा असतो. मधला सात हजारच निघाला.

मग ‘ऑडियन्स डिटेल्स’ हे पान. वय 18 ते 24, 62 टक्के. पुरुष 71 टक्के. शहरं: मुंबई, पुणे, बेंगळुरू, नाशिक आणि पाचव्या क्रमांकावर नागपूर, 3 टक्के. यादी तिथे संपते. सांगली त्यात नाही. म्हणजे सांगली असलीच तर तीन टक्क्यांच्या वर नाही. सात हजारांचे तीन टक्के काढा: दोनशे दहा. वीस हजारांत दोनशे दहा माणसं, म्हणजे डोई पंचाण्णव रुपये. एवढ्यात मी प्रत्येकाला दुकानात बोलावून मिसळ खाऊ घातली असती, आणि निदान त्यांनी गादीवर बसून खाल्ली असती.

शिवाय त्या दोनशे दहांतही बहुसंख्य अठरा ते चोवीस वयाचे. या वयाचा माणूस हॉस्टेलच्या किंवा आईबापांच्या गादीवर झोपतो. गादी विकत घेणं हे लग्न, नवं घर किंवा कंबरदुखी या तीनच कारणांनी होतं, आणि तिन्ही गोष्टी पुढे येतात. एका डबल गादीमागे मला साधारण हजार रुपये सुटतात. वीस हजार फिटायला त्या रीलमुळे जास्तीच्या वीस गाद्या खपल्या पाहिजेत. बेंगळुरूच्या पोराने ऑर्डर दिली तर? साडेपाच बाय सहाची कापसाची गादी पार्सलने बेंगळुरूला. वाहतूक खर्च कुणी सोसायचा, याबद्दल पीडीएफ मौन पाळून आहे.

‘डिलिव्हरेबल्स’ या सदराखालीही असंच. एक रील, तीन स्टोऱ्या. कधी, ते नाही. आधी दाखवणार का, ते नाही. दुकानाचं नाव चुकलं तर कितीदा दुरुस्त करून मिळेल, ते नाही. मी अभ्रा शिवायला दिला तरी चिठ्ठीवर माप, कापडाचा नंबर आणि तारीख लिहून देतो. इथे वीस हजारांचा व्यवहार आणि शेवटी हातात काय पडणार, तर ‘हाय क्वालिटी क्रिएटिव्ह कंटेंट’.

काहींना पैसेही नको असतात. ते ‘बार्टर’ म्हणतात. बार्टर म्हणजे गादी फुकट, उशा फुकट, टेम्पो आमचा, तिसऱ्या मजल्यावर चढवणारी माणसं आमची, आणि बदल्यात एक स्टोरी, जी चोवीस तासांत आपोआप नाहीशी होते. गादी मात्र त्यांच्याकडे दहा वर्षं टिकते. ही आमच्या मालाच्या दर्जाला दिलेली शिक्षाच म्हणायची.

तर अशी ही सगळी पत्रं मी ‘दप्तरी दाखल’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकत होतो. दुःख होतं, पण त्यात एक सोय होती: नकार द्यायला सबळ कारण असायचं. गेल्या महिन्यात तीही काढून घेतली गेली.

मिरजेच्या एका मुलीचं पत्र आलं. विषयाच्या ओळीत आमच्या दुकानाचं नाव, तेही शुद्ध. पहिल्या वाक्यात लिहिलं होतं की तिच्या मावशीने आमच्याकडून जुनी गादी पिंजून घेतली होती, आणि गादी पिंजतात कशी हे दाखवणारा व्हिडिओ तिला करायचा आहे. फॉलोअर 14,600 फक्त. मी खूश झालो, म्हटलं हे नाकारायला सोपं आहे. खाली वाचत गेलो. सांगली 29 टक्के, मिरज 13. वय 25 ते 44 मिळून 64 टक्के. सोबत शेवटच्या तीस दिवसांचा स्क्रीनशॉट, तारीख दिसेल असा. शेवटच्या दहा रीलांपैकी सर्वांत कमी व्ह्यूज, सर्वांत जास्त आणि मधला आकडा असे तिन्ही दिलेले. मधला 5,200. त्याखाली बारीक टीप, की टक्केवारी फॉलोअरांची आहे, रील बाहेरचेही लोक बघतात, तेव्हा हा अंदाज समजावा. स्वतःच्याच दाव्याला स्वतःच हरकत घेणारा अर्जदार मी प्रथमच पाहिला. 5,200 चे 42 टक्के म्हणजे जवळजवळ 2,180 माणसं, तीही सांगली-मिरजेची. मागणी 6,000 रुपये. डोई पावणेतीन रुपये. सहा गाद्या खपल्या की फिटले. मी हा हिशेब तीनदा केला, तो एकदाही बिघडला नाही.

पुढे तर कहर. पंचेचाळीस सेकंदांचं एक रील, आमच्याही अकाउंटवर दिसेल असं. नकाशाच्या लिंकसह दोन स्टोऱ्या. चित्रीकरणाआधी स्क्रिप्ट मंजुरीसाठी. दोन वेळा दुरुस्त्या फुकट, तिसरीपासून पैसे. निम्मी रक्कम आगाऊ. सातव्या आणि तिसाव्या दिवशी आकड्यांचे स्क्रीनशॉट. व्हिडिओ आम्ही सहा महिने दुकानात आणि व्हॉट्सॲपवर वापरू शकतो; पैसे भरून जाहिरात म्हणून चालवायचा तर वेगळा दर. महिनाभर दुसऱ्या गादीवाल्याचं काम घेणार नाही. आणि शेवटी: ‘विक्री किती होईल याची हमी मी देत नाही.’ म्हणजे नंतर भांडायलाही काही शिल्लक ठेवलेलं नाही.

मी तरीही चिवटपणे त्रुटी शोधल्या. पहिली अशी, की व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं लिहून येणार. फोन करून म्हटलं, हे कशाला? ती म्हणाली, “काका, नियम आहे. जाहिरात मानक परिषदेने 2021 मध्येच ठरवलंय. पंधरा सेकंदांपेक्षा मोठा आणि दोन मिनिटांच्या आतला व्हिडिओ असेल तर लेबल एक तृतीयांश वेळ दिसायला हवं.” पंचेचाळीसचे एक तृतीयांश पंधरा. पूर्ण पंधरा सेकंद अख्ख्या सांगलीला कळणार की मी पैसे मोजले. आमच्या मेव्हण्याला तीन सेकंदही पुरतात.

दुसरी त्रुटी गंभीर आहे. आमच्या पाटीवर वडिलांच्या काळापासून ‘पाठदुखी कायमची जाते’ असं लिहिलंय. ते वाक्य बोलायला तिने साफ नकार दिला. “डॉक्टरांचा काही पुरावा आहे का तुमच्याकडे?” मी म्हटलं, पन्नास वर्षांत कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही. ती म्हणाली, “तो पुरावा नाही होत, काका. ‘पाठीला टणक आधार मिळतो’ म्हणते, चालेल?” आणि आत नवा कापूस आहे म्हणायचं तर कॅमेऱ्यासमोर गादीची एक बाजू उसवून दाखवा, अशी अट. आजवर गिऱ्हाइकाने गादी दाबली, वास घेतला, तिच्यावर आडवं होऊन घोरूनही दाखवलं, पण उसवा असं कुणी म्हटलं नव्हतं. मी हट्टाने तिच्यासमोरच टाके कापले. पांढरा, लांब धाग्याचा कापूस भसकन बाहेर आला. तिने तो चिमटीत धरून ओढून पाहिला, उजेडाकडे नेला आणि म्हणाली, “हा शॉट पहिला घेऊ.” ती बाजू पुन्हा शिवायला कारागिराला अर्धा तास लागला. तो अर्धा तास डिलिव्हरेबल्समध्ये कुठेही धरलेला नाही.

एवढ्या अन्यायानंतर मी तिला अधिकृत उत्तर पाठवलं: ‘आपला प्रस्ताव विचाराधीन असून निर्णय यथावकाश कळवण्यात येईल.’ निदान आठ-पंधरा दिवस तरी जातील अशी अपेक्षा होती. सरकारी भाषेला तेवढा मान असतो.

चार मिनिटांत उत्तर आलं. ‘चालेल, काका. हा दर महिनाअखेरपर्यंत आहे. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराईचा दर लागेल, तो खाली दिला आहे.’

खाली दिलेला होता. 7,500. मुलाने तोवर तीन हजार आगाऊ पाठवूनही टाकले होते, आणि पावतीही आली होती, आमच्या दुकानाच्या शुद्ध नावाने.